लेजर, फीड आणि कॅप थिअरम: भरणा उशिरा पोचला तर चालतो, पैसे काढणं नाही

प्रश्न: हिंजवडीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. पतसंस्थांसाठी अ‍ॅप करतोय. एकीकडे सभासदांची खाती, पिग्मी, पैसे भरणं-काढणं; दुसरीकडे सूचना, फोटो, लाइक-कमेंटचा फीड. आमचे सर म्हणतात, कॅपमध्ये तीनपैकी दोन घ्यायचे असतात, आपण कन्सिस्टन्सी आणि अव्हेलेबिलिटी घेऊ, क्लाउडवर पार्टिशन कुठे होतंय! सगळं कॅसँड्रा या अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणाऱ्या डेटाबेसवर ठेवून क्वोरम लावायचं ठरतंय. लेजर असं चालेल का?

उत्तर:

फीड चालेल. लेजर असं चालणार नाही, आणि अडचण कॅसँड्राची नाही. क्वोरम, म्हणजे बहुसंख्य प्रतींचा होकार, लावला की हिशेब सुरक्षित झाला असं तुम्ही धरून चाललाय, गोची तिथे आहे. त्याकडे येतोच, पण आधी सरांच्या वाक्याचं बघू.

कन्सिस्टन्सी, अव्हेलेबिलिटी म्हणजे दर वेळी उत्तर मिळणं, आणि पार्टिशन टॉलरन्स म्हणजे नेटवर्क तुटलं तरी चालू राहणं, यांतले "तीनपैकी दोन" हे संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी 2000 साली मांडलं. पुढे 2012 मध्ये त्यांनीच लिहिलं की ही मांडणी दिशाभूल करते. कारण पार्टिशन ही आपण घ्यायची किंवा नाकारायची वस्तूच नाही. क्लाउडमध्ये केबल तुटायचीच गरज नसते. एखादा नोड, म्हणजे प्रत सांभाळणारा सर्व्हर, मेमरी साफ करण्यात, म्हणजे गार्बेज कलेक्शनमध्ये, वीस सेकंद अडकला, की बाकीच्यांच्या दृष्टीनं तो गेलाच. कधी नोड नीट चालू असतो, त्याला ग्राहकांच्या विनंत्याही येतात, फक्त सोबत्यांशी बोलणं बंद. हेच पार्टिशन. अशा वेळी त्या नोडपुढे दोनच वाटा उरतात: "आत्ता सांगता येत नाही" म्हणायचं, किंवा आपल्याकडे आहे ते खरं मानून उत्तर द्यायचं. 2002 मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी याची रीतसर सिद्धता दिली. तिचा गाभा एवढाच, की दोन बाजूंचं बोलणं बंद असताना दोघींनीही उत्तर द्यायचंच ठरवलं, तर एकीकडे लिहिलेलं दुसरीला कळणं शक्य नाही.

आणखी एक घोळ मुलाखतींमध्ये हमखास दिसतो. कॅपमधली कन्सिस्टन्सी म्हणजे डेटाबेस-व्यवहारांच्या नियमसंचातली, अर्थात अ‍ॅसिडमधली कन्सिस्टन्सी नव्हे. कॅपमधली म्हणते, की प्रती कितीही असल्या तरी बाहेरून एकच प्रत असल्यासारखं दिसलं पाहिजे. लिहून झालेलं पुढच्या प्रत्येक वाचनात आलंच पाहिजे. खात्यात शिल्लक शून्याखाली जाऊ नये हा नियम अ‍ॅसिडच्या बाजूचा. तुम्हाला दोन्ही हवंय, पण प्रत्येक कामाला नाही.

म्हणून "आपला डेटाबेस यातला कुठला" असं विचारण्यापेक्षा एकेक व्यवहार घेऊन विचारा: तुटलेल्या काळात दोन्ही बाजूंनी जे लिहिलं, ते नंतर नुसतं एकत्र केलं तर हिशेब बरोबर राहतो का? तुमच्याच पतसंस्थेत याचं उत्तम उदाहरण आहे. पिग्मी एजंट दिवसभर दुकानादुकानांतून शंभर-दोनशे रुपये गोळा करतो, हातातल्या मशिनवर पावती देतो आणि संध्याकाळी शाखेत येऊन सगळा डेटा चढवतो. दिवसभर त्याचं मशिन मुख्य सर्व्हरपासून तुटलेलंच असतं आणि कुणाचं काही बिघडत नाही, कारण भरणे कुठल्याही क्रमानं मिळवले तरी बेरीज तीच येते. म्हणजे इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी, उशिरा का होईना सगळ्या प्रती जुळणं, तुमच्या लेजरमध्ये आधीपासून आहे, आणि ती बरोबर जागी आहे. एजंटला त्याच मशिनवरून पैसे द्यायची मुभा मात्र कुठलीच संस्था देणार नाही. द्यायच्या आधी शिल्लक बघावी लागते, आणि खरी शिल्लक त्याच्याकडे नसते.

आता पैसे काढण्याचं उदाहरण आकड्यांनिशी करू. नवरा-बायकोचं संयुक्त खातं, शिल्लक 10,000. डेटाच्या तीन प्रती आहेत, त्यातली एक बाकी दोघींपासून तुटलीय. कॅसँड्रात लेव्हल `ONE` ठेवलीय, म्हणजे एका प्रतीनं होकार दिला की काम झालं. बायको कोथरूड शाखेच्या काउंटरवर 8,000 काढते. तिची विनंती तुटलेल्या प्रतीकडे जाते. तिथे शिल्लक 10,000 दिसते, प्रोग्राम वजाबाकी करून 2,000 लिहितो. त्याच सुमारास नवरा हडपसर शाखेत 7,000 काढतो; त्याची विनंती दुसऱ्या बाजूला जाते. तिथेही 10,000 दिसतात, 3,000 लिहिले जातात. दोघांच्या हातात रोख पडली.

थोड्या वेळानं नेटवर्क जोडलं जातं. कॅसँड्रा एकाच रकान्याच्या दोन किमतींमधून ज्याचा टाइमस्टँप नंतरचा ती ठेवतो, दुसरी टाकून देतो. समजा 3,000 राहिले. खऱ्या हिशेबानं खातं 5,000 नं उणे आहे आणि पडद्यावर 3,000 जमा दिसतायत. 8,000 ची तफावत, आणि कोथरूडचा व्यवहार या रकान्यात कुठे दिसतच नाही. त्यात हा टाइमस्टँप बहुतेक वेळा तुमच्या अ‍ॅप सर्व्हरच्या घड्याळावरून येतो. एका सर्व्हरचं घड्याळ दोन सेकंद पुढे असेल, तर आधी झालेला व्यवहारही "नंतरचा" ठरून जिंकतो. एरर कुठेच येत नाही. कळतं ते रात्री रोख मोजताना.

इथे नुकसान दोन आहेत, ती वेगवेगळी बघा. एक म्हणजे नोंदच हरवली. दुसरं म्हणजे खातं उणे गेलं. पहिल्यावर उपाय सोपा आणि प्रत्येक हिशेबनीसाला माहीत असलेला: शिल्लक खोडून नवी लिहायची नाही, प्रत्येक व्यवहाराची स्वतंत्र नोंद जोडत जायची. −8,000 ची एक ओळ, −7,000 ची एक ओळ. मग नेटवर्क तुटलेलं असलं तरी जोडल्यावर दोन्ही ओळी सापडतात, बेरीज −5,000 येते आणि वसुलीला निदान पत्ता असतो. दुसरं नुकसान मात्र नोंदीच्या पद्धतीनं टळत नाही. त्यासाठी दोघांपैकी एकाला थांबवावंच लागतं, आणि कुणाला थांबवायचं हे प्रतींनी आपसात बोलल्याशिवाय ठरत नाही. कॅप खरा आडवा येतो तो इथे.

आता तुमचा क्वोरम. प्रती N म्हणजे तीन, लिहिताना W म्हणजे दोघींचा होकार, वाचताना R म्हणजे दोघींना विचारायचं. R + W > N, म्हणजे 2 + 2 > 3. त्यामुळे वाचणाऱ्या दोघींपैकी एकीकडे ताजी किंमत असतेच. हे गणित खरं आहे, पण त्याची हमी एकेका वाचनापुरती आहे. काउंटरवरच्या प्रोग्रामनं 10,000 वाचले आणि 2,000 लिहिले, या दोन पावलांच्या मधल्या काही मिलिसेकंदांत दुसऱ्या शाखेनंही 10,000 वाचले, तर क्वोरम दोघांना खुशाल पुढे जाऊ देतो. दोन्ही वाचनं ताजी, दोन्ही लेखनं यशस्वी, आणि निकाल वरच्यासारखाच. या वेळी तर नेटवर्क तुटलेलंही नव्हतं. म्हणून "आम्ही क्वोरम लावलाय" ऐकलं की मी पहिल्यांदा विचारतो, वाचणं आणि लिहिणं एकाच फटक्यात होतंय का?

कॅसँड्रात त्यासाठी अटीसह लेखन आहे:

```sql
UPDATE accounts SET balance = 2000
WHERE id = 4417 IF balance = 10000;
```

हे आतून पॅक्सॉस ही प्रतींनी बहुमतानं एकमत करायची पद्धत वापरतं. दोघांपैकी एकाला `[applied]` च्या रकान्यात `False` मिळतं आणि त्यानं पुन्हा शिल्लक वाचायची. नेटवर्क तुटलं तर एकट्या पडलेल्या प्रतीला बहुमत मिळत नाही आणि ती नकार देते. लेजरसाठी हेच वागणं हवं. पण ही अट एकाच पार्टिशन कीपुरती चालते (हे पार्टिशन वेगळं, टेबलाच्या वाटणीचं). एका खात्यातून काढून दुसऱ्यात टाकायचं तर दोन कीज आल्या, आणि मग जे काम रिलेशनल डेटाबेस फुकटात करतो ते तुम्ही हातानं बांधत बसणार. माझं मत सांगतो: एका पतसंस्थेचा, किंवा अगदी पन्नास पतसंस्थांचा व्यवहार एका चांगल्या पोस्टग्रेस सर्व्हरला जड नाही. लेजर तिथे ठेवा. पैसे काढण्याचा सांगाडा असा:

```sql
BEGIN;
INSERT INTO entries (txn_id, account_id, amount)
VALUES ('k-7719', 4417, -8000),
       ('k-7719', 9001,  8000);
UPDATE accounts SET balance = balance - 8000
WHERE id = 4417 AND balance >= 8000;
-- एक ओळ बदलली तरच COMMIT, नाहीतर ROLLBACK
COMMIT;
```

शिल्लक तपासणं आणि वजा करणं एकाच `UPDATE` मध्ये आहे. दुसरा व्यवहार त्या ओळीच्या कुलपापाशी थांबतो, पहिला संपल्यावर त्याला 2,000 दिसतात आणि शून्य ओळी बदलतात. शाखेच्या रोख खात्याची, 9001 ची, शिल्लक मी मुद्दाम इथे बदललेली नाही. तसं केलं तर शाखेतला प्रत्येक व्यवहार त्या एका ओळीसाठी रांगेत उभा राहील. तिथे "शून्याखाली जाऊ नये" असा नियम जागच्या जागी पाळायचा नाहीये, म्हणून ती शिल्लक नोंदींची बेरीज करून काढा. एकाच लेजरमधली दोन खाती, पण शिस्त वेगवेगळी.

दुसरी प्रत वेगळ्या झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या डेटासेंटरमध्ये, ठेवा आणि तिच्याशी सिंक्रोनस रेप्लिकेशन लावा, म्हणजे "व्यवहार झाला" म्हणण्याआधी नोंद दोन ठिकाणी पोचलेली असते. किती लांब ठेवायची हे मात्र परिस्थितीवर आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडचं `Central India` रीजन इथे पुण्यातच आहे. त्यातल्याच दुसऱ्या झोनला विचारून यायला साधारण एक-दोन मिलिसेकंद लागतात. `South India` चेन्नईत आहे. सरळ रेषेत नऊशे किलोमीटर धरले आणि फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण 200 किलोमीटर जातो हे धरलं, तर जाऊन-येऊन 9 मिलिसेकंद ही झाली खालची मर्यादा. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते आणि वेळ त्याहून बराच जास्त लागतो. प्रत्येक व्यवहाराला एवढं थांबायचं नसेल, तर चेन्नईची प्रत असिंक्रोनस ठेवा, म्हणजे तिच्या होकाराची वाट न बघता. मग पुण्यातलं सगळंच बंद पडलं तर शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी जाऊ शकतात, हे संस्थेला आधी लेखी सांगा. ही तडजोड नेटवर्क ठणठणीत असतानाही करावीच लागते, आणि कॅप थिअरम त्याबद्दल काही बोलत नाही.

असिंक्रोनस प्रतीवरून पासबुक दाखवा, विवरणपत्र छापा, हरकत नाही. पैसे द्यायचा निर्णय मात्र तिच्यावरून कधीही घेऊ नका. ती किती मागे आहे ते मुख्य सर्व्हरवर `pg_stat_replication` मधल्या `replay_lag` वरून कळतं. एरवी तो आकडा नगण्य असतो, आणि महिनाअखेरीला व्याज आकारणीचा जॉब चालू असताना बघा, चांगला वर गेलेला दिसेल.

`k-7719` या व्यवहार क्रमांकाची गोष्ट राहिली. अव्हेलेबिलिटी सोडली म्हणजे ग्राहकाला स्वच्छ "नाही" मिळतं असं नाही. बऱ्याचदा मिळतो टाइमआउट, आणि टाइमआउटचा अर्थ "झालं नाही" असा नसून "माहीत नाही" असा असतो. `COMMIT` झालं आणि उत्तर परत येताना कनेक्शन गेलं, असंही असू शकतं. काउंटरवरचा माणूस पुन्हा बटण दाबणारच. म्हणून व्यवहाराचा क्रमांक सर्व्हरवर नको, बटण पहिल्यांदा दाबतानाच क्लायंटवर तयार करा आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवा. `(txn_id, account_id)` वर युनिक इंडेक्स असला की दुसरा प्रयत्न तिथेच अडतो आणि तुम्ही पहिल्याचं उत्तर परत देता. पिग्मी मशिनवरही हेच करा. एजंटनं संध्याकाळी रेंज ये-जा करत असताना दोनदा अपलोड केलं तर भरणे दुप्पट होऊ नयेत.

पतसंस्थेचं काम बँकेसारखंच, म्हणून हेही. बँका एका खात्याच्या आत कडक असतात, पण दोन बँकांमधला व्यवहार बराचसा उशिरा जुळणाराच आहे. यूपीआयमध्ये पैसे वळते झाले आणि समोरच्याला जमा झाले नाहीत, हा प्रकार इतका गृहीत धरलेला आहे, की रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात त्याची मुदत बांधून दिली. व्यक्तीकडून व्यक्तीकडे पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत; पुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. एटीएममधून रोख आली नाही तर पाच दिवस. जानेवारी 2022 मध्ये ऑफलाइन छोट्या पेमेंटची चौकट आली, तेव्हा एका व्यवहाराला 200 आणि एकूण 2,000 रुपये अशी मर्यादा होती. ती पुढे वाढवली गेली. युक्ती लक्षात घ्या: सर्व्हरला न विचारता पैसे जाऊ द्यायचे, पण चुकलं तर किती चुकेल याला आधीच कुंपण घालायचं. तुमच्या संस्थेला नेट नसताना शाखेतून थोडी रोख द्यायचीच असेल तर हीच पद्धत घ्या, आणि मर्यादा संचालक मंडळाला ठरवू द्या. तो निर्णय प्रोग्रामरचा नाही.

फीडकडे मी कमी काळजीनं बघतो, आणि तिथे कॅसँड्रा शोभतो. वार्षिक सभेचा फोटो हडपसरला दोन सेकंद उशिरा दिसला तर कुणी तक्रार करत नाही. लाइक मोजायला कॅसँड्राचा काउंटर वापरू नका. टाइमआउटनंतर पुन्हा प्रयत्न केला तर तो दोनदा वाढू शकतो. `(post_id, member_id)` अशी ओळ ठेवा. अंगठा दहा वेळा दाबला तरी ओळ एकच राहते. लोकांना खटकतं ते वेगळंच: स्वतः टाकलेली पोस्ट रिफ्रेश केल्यावर गायब होणं. माणूस पुन्हा टाकतो आणि मग दोन दिसतात. आपलं लिहिलेलं आपल्याला लगेच दिसावं एवढी हमी पुरते, आणि त्यासाठी पोस्ट लिहिताना आणि पोस्ट करणाऱ्याला स्वतःच्या पोस्टा दाखवताना तेवढा क्वोरम लावला तरी भागतं. मायक्रोसॉफ्टच्या कॉसमॉस डीबी या डेटाबेसमध्ये सेशन नावाची लेव्हल हीच हमी देते, आणि तिथे डिफॉल्ट तीच आहे.

फीडमध्ये खरं दुखणं देतात त्या डिलीट केलेल्या पोस्टा. कॅसँड्रात पुसणं म्हणजे "हे पुसलंय" अशी खूण लिहिणं. ती खूण `gc_grace_seconds` इतका काळ टिकते, डिफॉल्ट 864000 सेकंद, म्हणजे 10 दिवस. बंद पडलेल्या नोडसाठी बाकीचे नोड निरोप राखून ठेवतात, पण डिफॉल्टनं 3 तासच. त्यापुढे प्रती एकमेकींशी ताडून जुळवणारं `nodetool repair` चालवणं तुमच्या हातात. समजा एक नोड दोन आठवडे बंद होता आणि रिपेअर न करता तसाच परत जोडला. बाकीच्यांकडच्या खुणा एव्हाना साफ झाल्यात, याच्याकडे मात्र जुनी पोस्ट शाबूत आहे, आणि ती पुन्हा सगळीकडे पसरते. एका ग्राहकाकडे काढून टाकलेली थकबाकीदारांची यादी अशीच सूचनाफलकावर परत उगवली होती. त्यामुळे रिपेअर दर आठवड्याला लावा, आणि दहा दिवसांपेक्षा जास्त बंद असलेला नोड जुना डेटा पुसून नवा म्हणूनच जोडा. आणि कोणाला काय दिसावं याच्या परवानग्या फीडच्या डेटाबेसात ठेवूच नका, त्या पोस्टग्रेसमध्ये राहू द्या. एखाद्याला गटातून काढलं आणि लगेच गटात काही टाकलं, तर काढल्याची बातमी पोस्टेच्या मागून पोचून चालत नाही.

शेवटी, सरांना पटवायचं असेल तर वाद घालू नका, टेस्ट सेटअपवर करून दाखवा. त्यांच्या योजनेप्रमाणे कॅसँड्राचे तीन नोड आणि क्वोरम लावा, नेटवर्कला हातही लावू नका, आणि 10,000 शिल्लक असलेल्या एकाच खात्यातून पन्नास थ्रेड्सनी एकाच वेळी हजार-हजार काढा. दहापेक्षा जास्त व्यवहार यशस्वी झालेले दिसतील. मग तेच पोस्टग्रेसवर करा, या वेळी मध्येच लिनक्सच्या `iptables` या फायरवॉलनं अ‍ॅप आणि डेटाबेसमधलं बोलणं तोडा, पुन्हा जोडा, आणि अडकलेले व्यवहार त्याच क्रमांकानं परत पाठवा. सगळं शांत झालं की हे चालवा:

```sql
SELECT txn_id FROM entries
GROUP BY txn_id HAVING SUM(amount) <> 0;
```

एकही ओळ यायला नको. शिवाय 4417 ची `accounts` मधली शिल्लक ही सुरुवातीचे 10,000 अधिक `entries` मधली त्याची बेरीज एवढीच भरली पाहिजे. हे दोन्ही तपास पुढे प्रॉडक्शनवरही रोज रात्री, शाखेची रोख मोजायच्या आधी चालवा.